ताट वाजवलं की वळतो

विकास-चाचणीचा अहवाल पाच-सहा पानांचा असतो आणि इंग्रजीत असतो. तो समजावून सांगताना आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं काही डोक्यात शिरत नाही. घरी गेल्यावर आजी विचारते, "काय म्हणाले डॉक्टर?" आणि मग अहवालातला एखादा आकडा तेवढा सांगितला जातो. म्हणून मी अहवालासोबत मराठीत एक पत्र देते. ते घरातल्या सगळ्यांनी वाचावं, शंका समासात लिहाव्यात आणि पुढच्या भेटीला पत्र सोबत आणावं, अशी माझी अपेक्षा असते.

इथे देते आहे ते पत्र कुणा एका मुलाचं नाही. बालविकास केंद्रात वारंवार दिसणाऱ्या एका चित्रावरून ते रचलं आहे. मुलगा २६ महिन्यांचा, पूर्ण दिवसांचा. आईवडील दोघं नोकरी करतात, आजी घरात आहेत आणि दिवसभर सांभाळायला हिंदी बोलणाऱ्या मावशी येतात. तक्रार नेहमीचीच: "त्याला कळतं सगळं, पण बोलत नाही." पत्रातले भाग जसेच्या तसे देते आणि मध्ये मध्ये वाचकांसाठी थोडा खुलासा करते.

> सप्रेम नमस्कार,
>
> तुमच्या मुलाला आम्ही दोन भेटींत पाहिलं. काय आढळलं ते आधी सांगते, कसं आढळलं ते नंतर. त्याचं चालणं, धावणं, हाताची कामं वयाप्रमाणे आहेत. खेळातून दिसणारी समज वयाच्या जवळपास आहे. माणसांशी तो छान जोडला जातो, नजर देतो, बोट दाखवतो. बोलणं मात्र बरंच मागे आहे, साधारण १४ ते १६ महिन्यांच्या मुलाएवढं. आणि त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे द्रव साचला आहे, त्यामुळे हळू आवाज त्याला नीट ऐकू येत नाहीत. आज त्याच्यात स्वमग्नतेची लक्षणं दिसत नाहीत. बुद्धीची वाढ मागे पडल्याचंही दिसत नाही.

शेवटची दोन वाक्यं पहिल्याच परिच्छेदात येतात ती मुद्दाम. आईवडील तो प्रश्न बहुतेक वेळा तोंडाने विचारत नाहीत, पण रात्र रात्र तोच मनात असतो. उत्तर चौथ्या पानावर ठेवण्यात काही अर्थ नाही. मात्र त्या वाक्यात "आज" हा शब्द असायलाच हवा. २६ महिन्यांच्या मुलाबद्दल कायमची हमी कुणी देऊ नये. आज जे दिसलं ते सांगायचं आणि पुन्हा कधी पाहायचं तेही सांगायचं.

> शब्दांची जी यादी तुम्ही आठवडाभर लिहून आणलीत, तिचा आम्हाला फार उपयोग झाला. तुम्ही सहा शब्द लिहिले होते, आम्ही नऊ धरले. आई, बाबा, "आदी" म्हणजे आजी, "दू" म्हणजे दूध, "दे", "ना", गाडीसाठी "भुर्र", गाईसाठी "हम्मा" आणि मावशींशी बोलताना "पानी". गाडी दिसली की दर वेळी तो "भुर्र" म्हणत असेल, तर तो शब्दच आहे, मग उच्चार कसाही असो. "पानी" हिंदीतला आहे म्हणून तुम्ही तो वगळला होता. तोही मोजायचा.

दोन वर्षांचं मूल साधारण पन्नासच्या आसपास शब्द बोलतं आणि "आई दे", "बाबा गेले" असे दोन शब्द जोडायला लागतं. पन्नास ही काही रेघ मारून आखलेली हद्द नाही, चाळीस शब्द असलेलं मूल लगेच चिंतेचं होत नाही. पण नऊच शब्द आणि दोन शब्दांची एकही जोडी नाही, हे अंतर मोठं आहे. दोन वर्षांच्या शंभर मुलांमध्ये साधारण दहा ते पंधरा मुलं अशी उशिरा बोलणारी असतात आणि त्यांत मुलगे जास्त. त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. त्यामुळे "त्याचा बापही तीन वर्षांनी बोलला" हे आजींचं सांगणं आम्ही गंभीरपणे नोंदवून घेतो, कारण उशिरा बोलणं घराण्यात असू शकतं. अडचण एवढीच की जी मुलं बरोबरीला येणार आणि जी मागे राहणार, ती दोन वर्षांची असताना पुष्कळदा सारखीच दिसतात. म्हणून शब्द मोजून थांबता येत नाही. मूल न बोलता काय काय करतं ते पाहावं लागतं, आणि तपासणीतला सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो.

> त्याला किती कळतं हे पाहताना आम्ही एक नियम पाळला होता: हात हलवायचा नाही, वस्तूकडे पाहायचं नाही, फक्त बोलायचं. "बाळाला पाणी पाज," म्हटल्यावर त्याने बाहुलीच्या तोंडाला पेला लावला. "बॉल खुर्चीवर ठेव," हे त्याने दुसऱ्यांदा सांगितल्यावर केलं. नाक, कान, पोट दाखवलं. पुस्तकातली मांजर, चमचा, सायकल ओळखली. मात्र हे सगळं शांत खोलीत, त्याच्या समोर दोन हातांवर बसून. पंखा लावून मागच्या बाजूने तेच सांगितलं तेव्हा तो खेळतच राहिला. त्याची समज आम्ही २० ते २२ महिन्यांच्या आसपास धरली आहे. थोडी मागे, पण बोलण्याएवढी नाही.

हात न हलवता बोलून पाहण्याचा हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो. आपण "चप्पल आण" म्हणतो तेव्हा आपली नजर दाराकडे गेलेली असते, अंगात बाहेर निघण्याचे कपडे असतात, हातात पिशवी असते. मूल हुशार असतं. शब्द न समजताही ते चप्पल घेऊन येतं आणि आपण म्हणतो, त्याला सगळं कळतं. त्यामुळे आईवडिलांना मुलाची समज आहे त्याहून थोडी जास्त वाटणं अगदी साहजिक आहे. बोलणं आणि समज दोन्ही सारखीच मागे असतील, तर चिंता वाढते. समज पुढे असेल आणि फक्त बोलणं अडलं असेल, तर पुढची वाट बहुधा सोपी असते.

> दुसऱ्या भेटीत खिडकीबाहेर कावळा येऊन बसला. तुमच्या मुलाने त्याच्याकडे बोट केलं, वळून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कावळ्याकडे. त्याला कावळा हवा नव्हता, आईने तो बघावा एवढंच हवं होतं. माझ्या टिपणवहीत त्या दिवसाची ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

हवं ते मागण्यासाठी बोट दाखवणं आणि "बघ ना" म्हणून बोट दाखवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिस्किटाच्या डब्याकडे बहुतेक मुलं बोट करतात किंवा आपला हात धरून तिथवर नेतात. आपल्याला दिसलेली गोष्ट दुसऱ्यालाही दिसावी, म्हणून बोट करणं आणि वळून पाहणं हे पहिल्या वाढदिवसानंतरच्या काही महिन्यांत यायला हवं. स्वमग्न मुलांमध्ये नेमकं हेच उशिरा येतं किंवा येत नाही. शब्द नसले तरी ही देवाणघेवाण असेल, बाहुलीला झोपवणं, खोटा चहा देणं असा लटका खेळ असेल, हातवाऱ्यांनी सांगण्याची धडपड असेल, तर बोलण्याचा पाया आहे असं समजावं.

यासोबत आईवडिलांकडून २० प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. तिचं नाव एम-चॅट. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ती वापरतात. हो-नाहीची उत्तरं आणि चिंतेच्या प्रत्येक उत्तराला एक गुण. दोनपर्यंत गुण आले तर धोका कमी, तीन ते सात आले तर त्या प्रश्नांवर पुन्हा सविस्तर बोलायचं आणि आठ किंवा जास्त आले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवायचं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. कमी गुण आले म्हणून सगळं संपलं असं नाही आणि जास्त आले म्हणून मूल स्वमग्न ठरत नाही.

> प्रश्नावलीत त्याला दोन गुण आले. "नावाने हाक मारली की प्रतिसाद देतो का?" आणि "खुणा न करता सांगितलेलं काम समजतं का?" या दोन प्रश्नांना तुम्ही "नाही" लिहिलंत. या दोन्ही गोष्टींसाठी ऐकू यावं लागतं. कानांबद्दल तुम्ही सांगितलं होतं की जन्मानंतर रुग्णालयात केलेली तपासणी चांगली होती आणि घरी ताट वाजवलं की तो लगेच वळतो. तरीही आम्ही कानांची तपासणी करायला सांगितली, त्याचं कारण हे होतं.

बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी झालीच पाहिजे. याला अपवाद नाही. मूल कितीही चुणचुणीत असो, घरच्यांना कितीही खात्री असो. ताट वाजवण्याची घरगुती परीक्षा फसते, कारण ताटाचा आवाज फार मोठा असतो, ८० डेसिबलच्या पुढे सहज जातो. आपण समोर बसून बोलतो तो आवाज मीटरभर अंतरावर ६० डेसिबलच्या आसपास असतो आणि कुजबुज ३० च्या आसपास. ज्या मुलाला ३५ डेसिबलपेक्षा हळू आवाज ऐकू येत नाही, ते ताटाला वळेल, कुकरच्या शिट्टीला दचकेल, मोबाइलवरच्या गाण्याला धावत येईल. बोलणंही त्याला ऐकू येईल, पण अर्धवट. कारण बोलण्यातले सगळे आवाज सारखे मोठे नसतात. आ, ओ, ऊ हे स्वर ठसठशीत असतात. स, फ, त, क हे त्यांच्या मानाने फार हलके असतात. त्यात पंखा फिरतो आहे, टीव्ही चालू आहे आणि आई स्वयंपाकघरातून बोलते आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मुलापर्यंत पोचतात ते स्वरांचे गोळे. दोन्ही कानांत बोटं घालून घरातल्यांचं बोलणं पाच मिनिटं ऐकून पाहिलंत, तर त्याची साधारण कल्पना येईल.

जन्मानंतरच्या तपासणीबद्दलही हेच. ती त्या दिवसापुरती खरी असते. पडद्यामागचा द्रव पुढे सर्दीनंतर साचतो.

> कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा दोन्ही पडदे निस्तेज आणि आत ओढलेले दिसले. टिम्पॅनोमेट्री नावाच्या तपासणीत कानात हलका दाब देऊन पडदा हलतो का ते बघतात. निरोगी कानात आलेखावर उंचवटा उमटतो, त्याच्या दोन्ही कानांत सपाट रेघ आली. ओएई तपासणीत प्रतिसाद मिळाला नाही, तोही द्रवामुळे मिळत नाही. मग ध्वनिबंद खोलीत आईच्या मांडीवर बसवून, आवाजाच्या दिशेने वळला की खेळणं उजळतं, अशी तपासणी केली. त्यात तो ३५ डेसिबलपर्यंत वळत होता, त्याखाली नाही. मुलांना साधारण २० डेसिबलपर्यंत ऐकू यायला हवं. ही कमतरता सौम्य आहे आणि बहुधा तात्पुरती आहे. आतला कान शाबूत आहे का हे मात्र द्रव गेल्यावर पुन्हा तपासूनच नक्की सांगता येईल.

मधल्या कानातून घशाकडे एक बारीक नळी जाते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीने लगेच तुंबते आणि कानातला द्रव बाहेर पडत नाही. अशा कानात ठणका नसतो, ताप नसतो, कान वाहत नाही. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. खुणा असतात त्या साध्या: मूल सतत सर्दीने भरलेलं, तोंड उघडं ठेवून झोपणारं, घोरणारं, मागून हाक मारली तर न वळणारं, पुढ्यात जाऊन बोललं की मात्र ऐकणारं. अशा मुलाला घरात हट्टी, आपल्याच नादात असणारा म्हणतात.

मग "कानात पाणी आहे, म्हणून बोलत नाही" असं लिहून मोकळं व्हावं का? तसं लिहिता येत नाही, आणि पत्रातली सर्वांत कठीण जागा हीच आहे. पुष्कळ मुलांच्या कानात असा द्रव येतो, जातो आणि ती वेळेवर बोलतात. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये डॉ. जॅक पॅरडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर मोठा अभ्यास केला. तीन वर्षांखालच्या, कानात द्रव टिकून राहिलेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाच्या पडद्यात लगेच नळ्या बसवल्या, दुसऱ्या गटात नऊ महिन्यांपर्यंत थांबले आणि द्रव राहिलाच तर बसवल्या. २००१ मध्ये, मुलं तीन वर्षांची असतानाचे निष्कर्ष छापून आले, आणि २००७ मध्ये तीच मुलं नऊ ते अकरा वर्षांची असतानाचे. दोन्ही वेळा बोलणं, भाषा, समज यांत दोन गटांमध्ये फरक आढळला नाही. पण त्या अभ्यासात घेतलेली मुलं एरवी निरोगी होती. ज्याचं बोलणं आधीच अडलं आहे, त्याच्यासाठी अर्धवट ऐकू येणं हा वरचा भार ठरतो, आणि अशा मुलांच्या बाबतीत फार काळ थांबू नये असं मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

> म्हणून मी असं म्हणते: द्रवामुळे त्याचं ऐकणं कमी झालं आहे, त्याने बोलण्यात अडथळा येत असावा, पण तेवढं एकच कारण आहे असं आज सांगता येत नाही. कान मोकळे झाले की तो आपोआप बोलू लागेल, या भरवशावर आपण थांबणार नाही. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करायची.

आता आकड्यांबद्दल. अहवालात 'डासी' नावाच्या चाचणीचे दोन आकडे असतात. भारतीय बाळांसाठीची ही मोजपट्टी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या मुलांच्या अभ्यासावरून बेतली आणि १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती आपल्याकडे वापरली जाते. ठोकळे रचणं, गोल-चौकोन खाचेत बसवणं, कपड्याखाली लपवलेली वस्तू शोधणं, एका पायावर उभं राहणं, चित्र ओळखणं अशा कामांतून मुलाचं विकास-वय काढतात. त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभरने गुणतात.

> त्याचं शारीरिक विकास-वय २६ महिने आलं, म्हणून तिथे १०० लिहिलं आहे. मानसिक विकास-वय २३ महिने आलं. २३ भागिले २६, म्हणजे ८८. मानसिक भागात बोलण्याचे प्रश्नही असतात आणि त्याचे राहिलेले प्रश्न जवळजवळ सगळे तेच होते. ७० किंवा त्याखाली आकडा गेला तर आम्ही विकास मागे आहे म्हणतो. हा आकडा बुद्ध्यांक नाही, पुढे शाळेत तो कसा शिकेल हेही त्यावरून सांगता येत नाही. कृपया तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

एकाहून अधिक क्षेत्रांत मूल बरंच मागे असेल तर डॉक्टर सर्वांगीण विकासविलंब असा शब्द वापरतात. या मुलाचं तसं नाही, एकच क्षेत्र मागे आहे. भाषेचा कायमस्वरूपी विकार आहे का, हे ठरवायचं वय चार-पाच वर्षांचं. आज त्याला "उशिरा बोलणारं मूल" एवढंच म्हणता येतं.

> तुम्ही विचारलेल्या काही गोष्टी. मेंदूचा एमआरआय करायची गरज नाही. मूल चांगलं चालतं, झटके येत नाहीत, काही शिकलेलं विसरलेलं नाही, अशा वेळी त्यातून काही हाती लागत नाही. बुद्धी वाढवण्याच्या सिरपची गरज नाही. जिभेखालचा दोरा मी पाहिला, जीभ ओठांबाहेर सहज येते. दोरा आखूड असला तर काही उच्चार अडू शकतात, शब्द कमी असण्याचं ते कारण नसतं. कापायचं काही नाही. आजींनी पोपटाने उष्टावलेला पेरू देण्याबद्दल विचारलं होतं. आजी, त्याऐवजी पेरू धुऊन, तुम्ही त्याच्यासमोर बसून, कापून द्या आणि देताना त्याच्याशी बोला. वेखंड उगाळून चाटवणं थांबवा, जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात. मावशींनी हिंदी बोलायचं थांबवू नये. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही, आणि मावशी मोडक्या मराठीत कमी बोलतील त्यापेक्षा भरपूर हिंदी बोललेली बरी.

हा भाग लिहिताना मी आजींना थेट हाक मारते. दिवसभर मुलाजवळ त्या असतात. त्यांना न पटलेली योजना घरात चालत नाही.

> कानांसाठी आपण तीन महिने थांबू. या काळात बहुतेक मुलांचा द्रव आपोआप जातो. त्यासाठी अँटिबायोटिक, सर्दीची औषधं किंवा नाकातले थेंब यांचा उपयोग होत नाही, म्हणून दिलेले नाहीत. त्याच्याजवळ कुणी सिगारेट-बिडी ओढू नये आणि रात्री आडवं झोपवून बाटलीने दूध देणं बंद करावं. तीन महिन्यांनी टिम्पॅनोमेट्री आणि श्रवणतपासणी पुन्हा होईल. द्रव तसाच असेल, तर त्याचं बोलणं आधीच मागे असल्यामुळे आपण आणखी वाट पाहणार नाही. पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवण्याबद्दल तज्ज्ञांशी बोलू. तो घोरतो, तेव्हा नाकामागची अॅडेनॉइडची गाठ वाढली आहे का तेही ते बघतील.
>
> बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा जायचं आहे. तिथे त्या त्याच्याशी खेळतील, पण मुख्य काम तुम्हाला शिकवण्याचं आहे. तोवर घरी एवढं सुरू करा. बोलताना हातभर अंतरावर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, टीव्ही बंद ठेवा. "हे काय आहे? म्हण, म्हण ना" असं विचारणं सध्या बंद. तो जे बघतो आहे, करतो आहे, ते दोन-तीन शब्दांत तुम्हीच बोला: "पाणी पडलं. गार पाणी." तो "दू" म्हणाला की "दू नाही, दूध म्हण" असं सुधारू नका. "दूध. दूध दे" असं एक शब्द वाढवून म्हणा आणि लगेच द्या. देण्याआधी बोलायला लावून अडवू नका. दोन वस्तू पुढे धरून "केळं की बिस्किट?" विचारा आणि मग गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. हे गप्प राहणंच तुम्हाला जड जाईल. तपासणीच्या वेळी त्याने तोंड उघडण्याआधी प्रत्येक वेळी कुणीतरी त्याच्या वतीने बोललं होतं.
>
> जेवताना मोबाइलवर गाणी लावता, ती बंद करा. मोबाइलमुळेच बोलणं अडलं असं मी म्हणत नाही. पण दोन जेवणं, न्याहारी आणि दुपारचं खाणं धरलं, तर दिवसातला जवळजवळ दीड-दोन तासांचा समोरासमोरचा वेळ त्यात जातो. पहिले चार-पाच दिवस तो कमी खाईल. वजन चांगलं आहे, काळजी नको.

मोबाइलबद्दल इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची शिफारस स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली अजिबात नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. शिफारस सांगून मात्र घरोघरचं जेवण बदलत नाही. त्या वेळेत दुसरं काय करायचं ते सांगावं लागतं. त्यामुळे थेरपिस्ट पहिल्या भेटीत बहुधा जेवणाचीच वेळ घेतात: वाटीत काय आहे, कुणाचा घास, संपलं, अजून. रोज येणारे तेच ते शब्द, त्याच क्रमाने.

थेरपिस्ट मोठ्या शहरांत मिळतात, तालुक्याच्या गावी मिळणं कठीण. खर्चही सगळ्यांना झेपत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासविलंबाची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभारली गेली. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडून किंवा थेट जिल्हा रुग्णालयात चौकशी करून तिथे जाता येतं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण यांवरच काम करते. दर आठवड्याला जाणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा जाऊन, घरी करायचं काम शिकून येणं हाही चांगला मार्ग आहे. या वयात उपचाराचा मोठा भाग घरातच होतो.

> शब्दांची यादी फ्रिजवर चिकटवा. नवा शब्द आला की तारीख घाला, तुमच्यापैकी कुणीही. तीन महिन्यांनी कानांची तपासणी झाली की माझी भेट घ्या, आणि सहा महिन्यांनी भाषेची तपासणी पुन्हा करू. तेव्हा तो ३२ महिन्यांचा असेल. शब्द वाढलेले आणि दोन शब्दांच्या जोड्या सुरू झालेल्या मला दिसायला हव्यात. तसं झालं नाही तर थेरपी वाढवू आणि स्वमग्नतेची सविस्तर तपासणीही पुन्हा करू.
>
> त्याआधी मध्येच काही झालं तर मात्र भेटीची तारीख बघू नका. आलेला शब्द गेला, बोट दाखवणं थांबलं, नजर देणं कमी झालं, कान दुखला किंवा वाहिला, तर त्याच आठवड्यात फोन करा. येताना यादी, कानांचे आलेख आणि हे पत्र आणा. मावशींना सुट्टी काढता आली तर त्यांनाही घेऊन या, दिवसातले नऊ तास तो त्यांच्याजवळ असतो आणि त्यांना काय दिसतं ते मला अजून विचारायचं आहे.